एक गाळा, दोन वह्या: एका इमेजिंग सेंटरमधलं आय-स्कझी प्रकरण

बुधवारी सकाळी साडेनऊला गिरगावातल्या एका इमेजिंग सेंटरमधून फोन आला. तिथला आयटी बघणारा मुलगा म्हणाला, "दादा, कालचे सीटी सर्व्हरवर एकोणीस दिसतात आणि रिपोर्टिंगच्या मशीनवर चौदा. दोन्हीकडे `E:` तोच आहे. रिपोर्टिंगचं मशीन रीस्टार्ट केलं की आकडा बदलतो."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. दोन मशीनवर एकच ड्राइव्ह आणि रीस्टार्ट केल्यावरच बदल दिसणं, याचा अर्थ बहुतेक एकच असतो. मी विचारलं, "रिपोर्टिंगच्या मशीनला `E:` कसा जोडलास?" तो म्हणाला, "तुम्ही सर्व्हरला जोडला होता तसाच. आय-स्कझीने."

त्याला सांगितलं, दोन्ही मशीनवरचं काम थांबव, काहीही सेव्ह करू नकोस, आणि विंडोज डिस्क दुरुस्त करणारं `chkdsk` चालवू का असं विचारेल तर नाही म्हण. मी निघालोच.

आय-स्कझी तिथे कुठून आलं हे आधी सांगायला हवं, कारण ते बसवलं होतं मीच. या सेंटरमध्ये एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी चालतं. सगळ्या प्रतिमा पॅक्सच्या, म्हणजे त्या साठवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, एका सर्व्हरवर जमा होतात. सीटीच्या एका तपासणीच्या शेकडो छोट्या फायली होतात, एकूण सरासरी तीनेकशे एमबी. सगळं मिळून दिवसाला सहा ते सात जीबी भर पडते, म्हणजे वर्षाला दोन टीबीच्या आसपास. सर्व्हरची `D:` होती दोन टीबीची आणि ती भरत आली होती. सर्व्हरमध्ये आणखी डिस्क बसवायला जागा नव्हती. मात्र बॅकअपसाठी घेतलेला चार डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा, कोपऱ्यात होता आणि त्यातली सात-आठ टीबी जागा रिकामी पडून होती.

त्या मुलाने आधी सरळ मार्ग करून पाहिला होता. नॅसवर शेअर केलेलं फोल्डर सर्व्हरवर `Z:` म्हणून मॅप केलं. हाताने उघडलं की छान उघडायचं, फायली टाकता यायच्या. पण पॅक्सला `Z:` चा पत्ता दिला की "पाथ सापडत नाही" अशी तक्रार यायची. यात नॅसचा दोष नव्हता. मॅप केलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये लॉगिन केलेल्या माणसाच्या सेशनपुरता असतो. पॅक्स चालतं सर्व्हिस म्हणून, वेगळ्या खात्याखाली, कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो. त्या खात्याच्या लेखी `Z:` नावाची वस्तूच नाही. सर्व्हिसचं खातं बदलून आणि पूर्ण नेटवर्क पाथ देऊन हे काही सॉफ्टवेअरमध्ये जमतं. या पॅक्सच्या पुरवठादाराने मात्र स्पष्ट सांगितलं होतं: प्रतिमांची जागा लोकल डिस्कच हवी, नाहीतर सपोर्ट मिळणार नाही.

म्हणून आय-स्कझी.

शेअर आणि आय-स्कझी यांतला फरक समजला की पुढचं सगळं प्रकरण आपोआप उलगडतं. शेअर केलेलं फोल्डर म्हणजे वाण्याचं दुकान. तुम्ही काउंटरवर उभे राहून मागायचं, "अमुक फाईल द्या, ही ठेवून घ्या." कोणती वस्तू कुठल्या फळीवर आहे ते वाण्याला, म्हणजे नॅसला, ठाऊक असतं. एका वेळी दहा गिऱ्हाइकं आली तरी तोच सगळ्यांना सांभाळतो. आय-स्कझीत नॅस वाणी उरत नाही, तो गाळामालक होतो. ठरावीक मापाचा रिकामा गाळा भाड्याने देतो, किल्ली देतो आणि बाजूला होतो. आत फळ्या कुठे लावायच्या, माल कुठे ठेवायचा, त्याची वही कशी लिहायची, हे सगळं भाडेकरू सर्व्हर ठरवतो. गाळामालकाला आत काय आहे याचा पत्ता नसतो.

तांत्रिक भाषेत, सर्व्हर आपल्या डिस्कला "इतक्या क्रमांकाचा ब्लॉक वाच, त्यात हे लिही" अशा ज्या स्कझी आज्ञा देतो, त्याच आज्ञा टीसीपीच्या पाकिटात घालून साध्या नेटवर्कवरून पाठवायच्या, एवढाच आय-स्कझीचा गाभा. हे मानक २००४ साली आलं. पोर्ट ३२६०. मागणारी बाजू म्हणजे इनिशिएटर, देणारी बाजू म्हणजे टार्गेट, आणि टार्गेटवरच्या गाळ्याला म्हणायचं लन. विंडोज सर्व्हरमध्ये इनिशिएटर आधीपासून असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

मी नॅसवर चार टीबीचा लन बनवला आणि सगळी जागा आधीच राखून ठेवली. जागा लागेल तशी वाढवत नेणारा लनही बनवता येतो. पण नॅसवर बॅकअपही होता. तो फुगून जागा संपली, तर सर्व्हरला अजून दोन टीबी रिकामे दिसत असताना लिहिणं मध्येच अडकलं असतं. सर्व्हरचं दुसरं नेटवर्क पोर्ट आणि नॅसचं दुसरं पोर्ट मी एका केबलने थेट जोडलं, मध्ये स्विच नाही. सर्व्हरला `10.10.10.1`, नॅसला `10.10.10.2`. मग सर्व्हरवर:

```powershell
Set-Service MSiSCSI -StartupType Automatic
Start-Service MSiSCSI
New-IscsiTargetPortal -TargetPortalAddress 10.10.10.2
Connect-IscsiTarget -NodeAddress iqn.2023-05.lan.imaging:nas.ct `
  -IsPersistent $true -AuthenticationType ONEWAYCHAP `
  -ChapUsername pacs -ChapSecret '<12 ते 16 अक्षरे>'
```

`IsPersistent` दिलं नाही तर पुढच्या रीस्टार्टला ड्राइव्ह गायब होतो. पासवर्ड बारा अक्षरांपेक्षा छोटा दिला तर विंडोज तो घेत नाही, आणि त्या वेळी येणारा संदेश वाचून ते कारण पटकन कळत नाही.

यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये कोरी करकरीत डिस्क दिसली, नुकतीच खोक्यातून काढून लावल्यासारखी. ती ऑनलाइन केली, जीपीटी निवडलं (जुन्या एमबीआर पद्धतीत दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही), एनटीएफएस या विंडोजच्या फाईल सिस्टमने फॉरमॅट केली आणि `E:` अक्षर दिलं. पॅक्सला `E:` दाखवलं. त्याने कुरकुर न करता घेतलं, कारण त्याच्या दृष्टीने ही खरीच लोकल डिस्क होती. जुना १.८ टीबी डेटा रात्री हलवायला घेतला. एक गिगाबिटच्या केबलवर कागदोपत्री सेकंदाला १२५ एमबी जातात. मोठ्या फायलींना मला शंभर-एकशे दहा मिळाले, सीटीच्या बारक्या फायलींना निम्म्याहून थोडे जास्त. सकाळपर्यंत काम झालं आणि पुढचे चार महिने कोणाला त्या ड्राइव्हची आठवणही झाली नाही.

मग रिपोर्टिंगचं नवं सॉफ्टवेअर आलं. ते वेगळ्या मशीनवर बसवलं गेलं आणि त्याच्या पुरवठादारानेही तेच सांगितलं: लोकल ड्राइव्ह द्या. मुलाने विचार केला, `E:` तर नॅसवर आहे, नॅस नेटवर्कवर आहे, मग या मशीनलाही जोडूया. सोमवारी संध्याकाळी त्याने ऑफिसच्या नेटवर्कवरून नॅसचा पत्ता टाकला. लॉगिन नाकारलं गेलं. नॅसच्या पडद्यावर एकाहून अधिक इनिशिएटरना जोडू देण्याची खूण बंद होती आणि शेजारी डेटा खराब होण्याचा इशाराही लिहिलेला होता. त्याने खूण चालू केली. पासवर्ड वहीत होता, माझ्याच अक्षरात.

त्यानंतर जे झालं तेच सगळ्यात फसवं. रिपोर्टिंगच्या मशीनवर डिस्क आली ती भरलेली. फॉरमॅट करू का असं कोणी विचारलं नाही. `E:` उघडला, सगळे पेशंट, सगळे फोल्डर जागच्या जागी. एकही त्रुटी नाही. कोणालाही वाटेल काम फत्ते झालं.

आता गाळ्याकडे परत येऊ. एकाच गाळ्याची किल्ली दोन भाडेकरूंकडे आहे आणि दोघांनाही वाटतं की गाळा आपला एकट्याचाच. प्रत्येकाने आत शिरताना फळ्यांची यादी आपापल्या वहीत उतरवून घेतली आणि नंतर वहीकडेच बघत राहिला. पहिल्याने सातवी फळी भरली, दुसऱ्याच्या वहीत ती रिकामीच आहे. त्यानेही सातव्या फळीवर आपलं सामान ठेवलं, आधीचं खाली ढकलून. एनटीएफएस नेमकं असंच वागतं. कोणते ब्लॉक मोकळे आणि कोणती फाईल कुठे, याची नोंद ते मेमरीत ठेवतं, कारण दर वेळी डिस्कवरून वाचलं तर सगळं रखडेल. डिस्कवर दुसरं कोणी लिहील ही शक्यताच त्याच्या हिशोबात नाही. सर्व्हरने लिहिलेलं रिपोर्टिंग मशीनला दिसत नव्हतं ते याचमुळे, आणि रीस्टार्ट केल्यावर दिसायचं कारण त्या वेळी नवी वही उतरवली जायची.

साडेदहाला पोहोचलो. सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये `Ntfs` नावाखाली इव्हेंट ५५ ची रांग लागली होती. फाईल सिस्टमची रचना बिघडली आहे, असं तो इव्हेंट सांगतो. पहिली नोंद मंगळवारी दुपारची, रिपोर्टिंग मशीन रीस्टार्ट केल्यानंतरची. मी सीटीची एक न उघडणारी फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली. डायकॉम, म्हणजे वैद्यकीय प्रतिमेच्या, फाईलमध्ये पहिले १२८ बाइट सोडले की `DICM` ही चार अक्षरं असायलाच हवीत. इथे मात्र अगदी पहिल्याच बाइटपासून होतं:

```
25 50 44 46 2D 31 2E 34    %PDF-1.4
```

एका पेशंटच्या सीटीच्या फायलीत दुसऱ्या पेशंटच्या रिपोर्टची पीडीएफ. मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला मग काही समजावावं लागलं नाही.

या टप्प्यावर क्रम चुकला तर नुकसान दुप्पट होतं. आधी रिपोर्टिंग मशीनचं सेशन तोडलं. दोन्ही मशीन जोडलेली असताना `chkdsk` चालवलं तर एक मशीन वही दुरुस्त करतं आणि दुसरं त्याच वेळी जुन्या वहीवरून लिहीत राहतं. मग पॅक्सची सर्व्हिस थांबवली. मग नॅसवर लनचा स्नॅपशॉट घेतला, आहे त्या बिघडलेल्या अवस्थेचा. दुरुस्ती फसली तर निदान इथपर्यंत परत येता यावं म्हणून. त्यानंतरच सर्व्हरवर आधी नुसतं `chkdsk E:`, जे फक्त वाचून सांगतं, आणि मग `chkdsk E: /f`.

`chkdsk` हे डेटा परत आणणारं औषध नाही, हे इथे सांगायलाच हवं. ते वही आपापसात जुळती करतं. एकाच ब्लॉकवर दोन फायली हक्क सांगत असतील तर तो वाद मिटवतं, ज्यांचा धनी सापडत नाही ते तुकडे `found.000` मध्ये टाकतं. ब्लॉकमध्ये आधी काय होतं ते त्याला माहीत नसतं. ते तर पुसलंच गेलेलं असतं.

नॅस रोज रात्री दोनला लनचा स्नॅपशॉट घेत होता, त्यामुळे सोमवारच्या पहाटेची शाबूत अवस्था हाताशी होती. मात्र लनचा स्नॅपशॉट मागे नेला की सगळा `E:` मागे जातो. एखादी फाईल निवडून काढता येत नाही, कारण आत फायली आहेत हेच नॅसला माहीत नाही. मी त्या स्नॅपशॉटचा क्लोन वेगळा लन म्हणून उघडला आणि माझ्या लॅपटॉपला जोडला. त्याच सर्व्हरला जोडला असता तर दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्याने विंडोजने नवी डिस्क ऑफलाइन ठेवली असती. क्लोनवरून जुन्या तपासण्या पडताळल्या. सोमवारच्या आधीचं काहीही बिघडलं नव्हतं, कारण दोघेही मोकळ्या जागेतच लिहीत होते.

राहिले सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ. प्रत्येक सीटी फाईलमध्ये १२८ व्या बाइटनंतर `DICM` आहे का, हे बघणारी छोटी स्क्रिप्ट चालवली. चार तपासण्यांमध्ये फायली बिघडलेल्या निघाल्या. पण फाईलचं तोंड शाबूत आणि पोट बिघडलेलं, असंही असू शकतं आणि ही स्क्रिप्ट ते पकडत नाही. म्हणून त्या काळातल्या सगळ्याच तपासण्या संशयास्पद धरल्या. सुदैवाने सीटीचं आणि एक्स-रेचं मशीन आपल्या कन्सोलवर काही दिवसांच्या प्रतिमा राखून ठेवतात. तंत्रज्ञांनी तिथून सगळ्या पुन्हा पॅक्सला पाठवल्या. दुपारी तीनपर्यंत प्रतिमांचा प्रश्न मिटला.

रिपोर्टचा नाही मिटला. रिपोर्टिंग मशीनने त्या काळात २६ पीडीएफ लिहिल्या होत्या. सर्व्हरच्या वहीत त्यांची नोंदच नव्हती, आणि `chkdsk` ने सर्व्हरची वही खरी मानली. नऊ रिपोर्टच्या छापील प्रती फाईलमध्ये सापडल्या. उरलेले सतरा रेडिओलॉजिस्ट मॅडमनी प्रतिमा पुन्हा बघून पुन्हा लिहिले. संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही लोकल डिस्क म्हणालात ना? मग ती दोघांना दिसलीच कशी?" प्रश्न रास्त होता. ती लोकल दिसते, लोकल असते असं नाही, हे मी चार महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. मुलाला तर मी फक्त "डिस्क जोडली" इतकंच सांगून गेलो होतो.

माझ्या मांडणीतही भोक होतं. थेट केबल टाकली आणि समजलो की रस्ता बंद झाला. पण टार्गेट नॅसच्या दोन्ही पोर्टवर ऐकत होतं, ऑफिसच्या नेटवर्कवरही. आता ते फक्त `10.10.10.2` वर बांधलं आहे. एकाहून अधिक इनिशिएटरची खूण बंद, लनला परवानगी फक्त सर्व्हरच्या आयक्यूएनला, म्हणजे आय-स्कझीतल्या त्याच्या ओळखीच्या नावाला, पासवर्ड बदललेला आणि वहीतून गेलेला. रिपोर्टिंगला प्रतिमा हव्या होत्या त्या सर्व्हरने `E:` वरचं फोल्डर नेहमीसारखं शेअर करून दिल्या, फक्त वाचण्यापुरत्या, आणि रिपोर्टसाठी वेगळं फोल्डर लिहिण्याच्या परवानगीसह. गाळ्याचा भाडेकरू आता एकच आहे, आणि त्यानेच समोर काउंटर टाकलं आहे. रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर स्वतः सर्व्हिस नव्हतं, लॉगिन केलेल्या माणसाच्या खात्याखालीच चालत होतं, त्यामुळे त्याला मॅप केलेला ड्राइव्ह चालला. पुरवठादाराच्या "लोकल"चा अर्थ फक्त "ड्राइव्हला अक्षर हवं" एवढाच निघाला.

एकच लन अनेक सर्व्हरना देणं मुळातच चूक आहे असं नाही. व्हर्च्युअल मशीनच्या जगात रोज दिला जातो. पण तिथली व्हीएमएफएससारखी फाईल सिस्टम, किंवा विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरमधले शेअर्ड व्हॉल्यूम, आपापसात कुलूप लावतात आणि एकमेकांना कळवतात. साध्या एनटीएफएसला किंवा लिनक्सच्या एक्सटी४ ला ते येत नाही.

जाता जाता एक चाचणी त्या मुलाला दाखवली. `E:` वर एक नुसती चाचणीची मोठी फाईल कॉपी करायला लावली आणि मधली केबल काढली. कॉपीचा वेग शून्यावर आला, पण त्रुटी नाही. दहा सेकंदांनी केबल परत लावली, कॉपी पुढे सुरू. इनिशिएटर असा तुटलेला धागा काही सेकंद धरून ठेवतो, आणि लॉगमध्ये `iScsiPrt` चा इव्हेंट २० पडतो: संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करतो आहे. दुसऱ्यांदा दोन मिनिटं केबल काढून ठेवली. `E:` एक्सप्लोररमधून नाहीसा झाला आणि कॉपी त्रुटी देऊन मेली. त्या केबलला त्याने त्याच दिवशी लाल टेप लावली.

तीन आठवड्यांनी इमारतीची वीज रविवारी दुरुस्तीसाठी बंद होती. सोमवारी सकाळी पॅक्स सुरूच होईना. सर्व्हर दोन मिनिटांत उठला होता, नॅसला पाच लागतात. पॅक्सच्या सर्व्हिसने `E:` शोधला तेव्हा तो अजून आलेलाच नव्हता. हे मात्र निरुपद्रवी होतं. सर्व्हिस पुन्हा चालू केल्यावर भागलं. पुढे पुन्हा होऊ नये म्हणून `iSCSI Initiator` च्या `Volumes and Devices` मध्ये `Auto Configure` दाबून `E:` बांधला आणि पॅक्सच्या सर्व्हिसला आय-स्कझीच्या सर्व्हिसवर अवलंबून ठेवलं:

```
sc.exe config PacsService depend= MSiSCSI
```

`depend=` नंतरची मोकळी जागा वगळायची नाही, ती आज्ञेचाच भाग आहे. आणि आधीच काही अवलंबित्वं असतील तर ती `sc.exe qc` ने बघून, तिरकी रेघ मध्ये देत सगळी पुन्हा लिहायची, नाहीतर जुनी पुसली जातात. बंद करताना क्रम उलटा: आधी सर्व्हर, तो पूर्ण विझला की मग नॅस. हे मुलाने नॅसवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं आहे. त्याखाली त्याची स्वतःची एक ओळ आहे: दर सोमवारी नॅसच्या पडद्यावर जोडलेले इनिशिएटर मोजायचे, एकच दिसला पाहिजे.